यूव्ही प्युरिफायरचा दिवा लुकलुकतो, पाणी बंद : तुमचे अनुभव सांगा

गंगापूररोडकर : आमच्याकडे साधा यूव्ही आहे, आरओ नाही. बटण दाबलं की मिनिटभर पाणी येतं, मग लाल दिवा लुकलुकायला लागतो, आतून ‘टक’ असा आवाज येतो आणि धार बंद. सर्व्हिसवाल्याने यूव्ही ट्यूब बदलली, दुसऱ्या दिवशी परत तेच. आता म्हणतो, पूर्ण बोर्ड बदला. त्याआधी तुमच्याकडे काय निघालं ते लिहा.

अंबडचा अण्णा : व्होल्टेज! आमच्याकडे संध्याकाळी लाइट डिम झाली की हेच व्हायचं. स्टॅबिलायझर लावला, प्रश्न मिटला. दुसरं काही नसतं.

पंचवटीची सूनबाई : आमचा तर लाल दिवा लागून राहतो आणि पाणी कडू लागतं. टीडीएस जास्त असेल का? आरओ आहे.

जुना फिटर : सूनबाई, तुमचं प्रकरण वेगळं. आरओची मेम्ब्रेन आणि फिल्टर तपासून घ्या. यूव्ही टीडीएस कमी करत नाही, तो जंतूंपुरता.

गंगापूररोडकर, तो ‘टक’ आवाज सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद झाल्याचा. आत ट्यूब पेटलेली आहे अशी बोर्डाची खात्री असेपर्यंतच तो उघडा राहतो. म्हणजे पाणी बंद होणं हा वेगळा बिघाड नाही, मशीनने मुद्दाम तोंड मिटलंय. प्रश्न एवढाच, की ट्यूब खरंच विझते का पेटलेली असून सेन्सरला दिसत नाही?

रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, मशीन चालू करा. पुढे छोटी खिडकी असेल तर तिथून, नाहीतर स्टीलच्या नळकांड्याच्या टोकाच्या रबरी टोपीपाशी निळसर उजेड दिसतो का बघा. टोपी काढायची नाही. उघड्या ट्यूबकडे बघितलं तर त्या वेळी काही कळत नाही, काही तासांनी डोळे चुरचुरतात.

उजेड नसेल तर प्लग काढून ट्यूब बाहेर घ्या. दोन्ही टोकांना दोन-दोन पिना असतात. मल्टिमीटरने प्रत्येक जोडी तपासा, काही ओहम दाखवले तर फिलामेंट शाबूत. एका बाजूला काहीच दाखवत नसेल तर ट्यूब गेली. दोन्ही ठीक असून पेटत नसेल तर आधी ट्यूबचा होल्डर सैल आहे का बघा, मग चोकवर संशय घ्या. चोकच तुटक चालत असेल तर नवी ट्यूबही मिनिटभरात विझते.

अंबडचा अण्णा : मग स्टॅबिलायझरने कसं थांबलं?

जुना फिटर : अण्णा, थांबलं असेल. काही चोक कमी व्होल्टेजला पेटवत नाहीत. पण सगळ्यांचं दुखणं तेच नसतं.

इंदिरानगर, तिसरा मजला : आम्ही वैतागून व्हॉल्व्हच काढून टाकला. पाणी मस्त येतं. ट्यूब अधूनमधून पेटते, अधूनमधून नाही.

जुना फिटर : म्हणजे ट्यूब विझलेली असतानाही पाणी तसंच ग्लासात. गंगापूर धरणाचं पाणी पावसाळ्यात कसं गढूळ होतं ते तुम्हाला माहीतच आहे. व्हॉल्व्ह परत बसवेपर्यंत पाणी चांगली उकळी फुटेपर्यंत तापवून मगच प्या.

गंगापूररोडकर : काल रात्री बघितलं. निळा उजेड आहे आणि लाल दिवा लुकलुकतानाही तो टिकून असतो! म्हणजे सेन्सर?

जुना फिटर : सेन्सर किंवा काच. ट्यूबवर क्वार्ट्झची काच असते, पाणी तिच्याबाहेरून वाहतं. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात का?

गंगापूररोडकर : उन्हाळ्यात मिसळतात, टँकरही येतो.

जुना फिटर : मग तिच्यावर पांढरा थर असणार. प्लग काढा, पाणी बंद करा, काच सोडवून कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून भिजवा, मऊ कापडाने पुसा. सेन्सरचं डोळ्यासारखं टोकही पुसा. ट्यूब बोटांनी धरायची नाही, कापडाने धरा.

गंगापूररोडकर : काच काढली. नखाने खरवडली तर पिठासारखं निघत होतं, सेन्सरच्या समोरच जास्त. धुऊन बसवली. आता नीट चाललंय, पण सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर एकदा लुकलुकतं आणि मग थांबतं.

अंबडचा अण्णा : व्होल्टेज.

पंचवटीची सूनबाई : मग आमची ट्यूब निळी दिसते म्हणजे ठीक ना? चार वर्षांची आहे.

जुना फिटर : सूनबाई, घरगुती मशीनचे बरेचसे सेन्सर निळा उजेडच बघतात, जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. जुनी ट्यूब निळी राहते, पण ताकद उतरलेली असते, आणि अशा वेळी लाल दिवाही लागत नाही. साधारण 8000 ते 9000 तास जळाली की बदलायचीच. सतत चालू असेल तर वर्षभरातच होते, बटण दाबूनच पेटत असेल तर जास्त टिकते.

गंगापूररोडकर, सकाळचं लुकलुकणं म्हणजे गार ट्यूब पूर्ण उजळेपर्यंत बोर्ड वाट बघत असेल, किंवा सेन्सरची वायर सैल असेल. ती हलवून बघा. त्यानेही राहिलं तर सेन्सर बदलण्यापुरता मेकॅनिक बोलवा, बोर्डाला आत्ता हात लावू देऊ नका.