मदत हवी आहे: एका ध्रुवावर सेंट्रिओल दिसत नाही, तरीही तर्कू द्विध्रुवी कसा?

सेंट्रिओलचे द्विगुणन पीएलके४ या किनेजवर अवलंबून असल्याने मी पेशींना त्याचे रोधक सेंट्रिनोन दिले. जी१ अवस्थेतील पेशीत दोन सेंट्रिओल असतात. द्विगुणन थांबल्यावर पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक कन्यापेशीत एकच उरतो आणि पुढच्या विभाजनात तर्कूच्या एकाच ध्रुवावर सेंट्रिओल असतो, हा हिशेब मला पटतो. माझ्या काचपट्टीवर अशाच पेशी दिसतात: एका टोकाला सेंट्रिनचा ठळक ठिपका, दुसरे टोक रिकामे, पण सूक्ष्मनलिका तिथेही नीट एकवटलेल्या. गुणसूत्रांभोवती उगवलेल्या सूक्ष्मनलिका प्रेरक प्रथिनांनी एकत्र बांधल्या जातात, हे मला माहीत आहे. मात्र ठिपका खरोखर नाही, की तो दुसऱ्या प्रतलात राहून गेला, हे खात्रीने कसे ओळखावे? सर्व प्रतलांच्या प्रतिमा आणि गॅमा-ट्युब्युलिनचे रंजन पुरेसे ठरेल का, हे कृपया सांगावे.