तळ्याचं पाणी हिरवं, ऑक्सिजन ११.८ आणि गुण ४ पैकी १

पालक_नववी_ब
मुलीच्या चाचणीत गावतळ्याच्या पाहणीवर प्रश्न होता. ठिकाण अ: ओढा तळ्याला मिळतो तिथे, सकाळी ७, तापमान २२, पीएच ७.२, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २.१ मिलिग्रॅम. ठिकाण ब: घाटाजवळ, दुपारी २.३०, तापमान २९, पीएच ९.१, ऑक्सिजन ११.८, पाणी हिरवट. 'कोणत्या ठिकाणचं पाणी अधिक स्वच्छ? सकारण लिहा. ४ गुण.' पोरीनं लिहिलं, 'वेळा वेगळ्या आहेत, सांगता येत नाही.' १ गुण! बाई म्हणाल्या, ऑक्सिजन जास्त म्हणजे ब, एवढं साधं. असले पाहणीचे प्रश्न बंदच करा. व्याख्या विचारा, पोरं पाठ करतील, भांडण मिटेल.

ओढ्याकाठचा
ताई, शेवटची दोन वाक्यं लिहिली नसती तर मी गप्प बसलो असतो. बावीस वर्षं नदी-तळ्यांतून बाटल्या भरून आणायचं काम केलंय. सांगतो, या चाचणीतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. नासलंय ते नमुना उत्तर.

११.८ हा आकडा नुसता 'जास्त' नाही, तो संशयास्पद जास्त आहे. २९ अंशाचं पाणी हवेतून घेऊन घेऊन साधारण ७.७ घेतं, तेही समुद्रसपाटीला. आपल्या घाटमाथ्यावर सहाशे मीटर उंची धरली तर ७.२ च्या आसपास. मग वरचा साडेचार आला कुठून? पाण्यातच तयार झाला. हिरवट रंग म्हणजे शेवाळ, आणि ऐन दुपारी उन्हात शेवाळ जोरात ऑक्सिजन सोडतं. पीएच ९.१ त्याचीच साक्ष देतो. शेवाळानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की आम्लपणा कमी होतो आणि पीएच वर चढतो. तीन रकाने एकच गोष्ट सांगताहेत: या तळ्यात खत-सांडपाणी भरपूर येतंय आणि शेवाळ माजलंय. त्याला 'स्वच्छ' म्हणणं म्हणजे ताप चढलेल्या माणसाचे लाल गाल बघून 'तब्येत सुधारली' म्हणण्यासारखं आहे.

आता रात्र. ऊन गेलं की ऑक्सिजन बनणं थांबतं, पण शेवाळ, जिवाणू, मासे सगळे श्वास घेतच राहतात. सूर्य उगवायच्या आधी आकडा तळाला जातो. त्याच घाटावर पहाटे सहाला मोजलंत तर २ मिळालं तरी मला नवल वाटणार नाही. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात ते तुम्ही पाहिलं असेल. लोक म्हणतात, कुणी विष टाकलं.

मग अ चा २.१ कशामुळे? ओढ्यातून मैला येतोय म्हणूनही असेल, किंवा फक्त सकाळी सातचा आहे म्हणूनही असेल. या तक्त्यावरून दोन्ही वेगळं काढता येत नाही. दोन्ही ठिकाणी पहाटे आणि दुपारी, असे चार नमुने घ्या. अ दुपारीही अडीचवरच अडकलं तर दोष ओढ्याचा. नऊ-दहावर गेलं तर ते तळ्याचंच पाणी, वेगळ्या वेळी बघितलेलं.

तुमच्या मुलीनं नेमका हाच धागा पकडला. मी असतो तर तीन गुण दिले असते. चार नाही, कारण वेळेनं नेमकं काय बिघडतं ते तिनं लिहिलं नाही.

तर्कट
एवढं लांबलचक लिहिण्याआधी साधा नियम आठवा राव. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, सातवीचं पोरगं सांगेल. २२ ला २.१ आणि २९ ला ११.८? उलटंच आहे. आकडे बसल्याजागी रचलेत. प्रश्नच बोगस.

ओढ्याकाठचा
नियम बरोबर, लावलात चुकीचा. तापल्यावर पाण्याची *धरून ठेवायची* क्षमता कमी होते. आत किती बनतंय हे त्या नियमाला माहीत नसतं. क्षमतेपेक्षा जास्त ऑक्सिजन काही तास पाण्यात राहू शकतो. दुपारी शेवाळाच्या तंतूंवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ते बघून या. रंकाळ्याला जा, उजनीच्या फुगवट्यात जा, कुठेही दिसतील.

तर्कट
बुडबुडे मी पाहिलेत. मला ते कुजण्याचे वाटले होते. बरं, आकडे रचलेले *नसतील*. एवढंच मान्य.

घटक_चाचणी
मी शिकवणारी आहे (त्या शाळेतली नाही), म्हणून जरा आमची बाजू. बासष्ट पेपर, तीन दिवस, हातात वरून आलेली उत्तरसूची. तीत 'ब' लिहिलंय. मी स्वतःच्या अकलेनं तीन गुण दिले तर दुसऱ्या तुकडीचे पालक येऊन उभे राहतात. नववीच्या पोराकडून शेवाळ, पीएच, रात्रीचा श्वास इतकं सगळं मागायचं का, हाही प्रश्न आहेच.

आणि 'पाहणी' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. मागच्या वर्षी प्रकल्पाच्या वह्या तपासल्या. अठ्ठावीस वह्यांत ओढ्याचा पीएच ७.०. त्या महिन्यात ओढा कोरडा ठणठणीत होता! ज्या चार पोरांनी खरंच तळ्यातून पाणी आणलं, त्यांनी ते प्यायच्या बाटलीत भरलं, दोन तास सायकलच्या कॅरिअरला उन्हात, मग शाळेत येऊन मोजलं. ऑक्सिजनचा आकडा १३. आता ओढ्याकाठच्या सरांनी याचा अर्थ लावून दाखवावा.

ओढ्याकाठचा
लावतो. पारदर्शक बाटली, ऊन, आत शेवाळ. बाटलीतच कारखाना चालू राहिला. तीच बाटली दप्तरात अंधारात ठेवली असती तर १३ ऐवजी ५ आला असता. दोन्ही आकडे बाटलीचे, तळ्याचे नव्हेत.

म्हणून आम्ही पाण्याच्या काठावरच नमुना 'बांधून' टाकतो. ३०० मिलीची काचेची बाटली बुडवून बुडबुडा न ठेवता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मग ती प्रयोगशाळेत नेऊन आम्ल घालायचं आणि थायोसल्फेटनं मोजायचं. नुसता साक्याचा रंग बघून पोरांना अर्धं उत्तर जागेवर कळतं.

घटक_चाचणी
अल्कली-आयोडाइड म्हणजे कडक कॉस्टिकच ना? चौदा वर्षांच्या चाळीस पोरांच्या हातात, निसरड्या घाटावर? एकाच्या डोळ्यात गेलं तर घरी कोण उत्तर देणार, तुम्ही?

ओढ्याकाठचा
...हे खरंय. थेंब टाकायचं काम शिक्षकानंच करावं लागेल. चाळीस पोरांमागे एक शिक्षक असेल तर तेही अवघड. मीटर सुरक्षित, पण शाळेला परवडेल असा मीटर दर वेळी नीट जुळवून घ्यावा लागतो, ते कुणी करत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान वह्यांत 'वेळ' आणि 'बाटली भरल्यापासून किती मिनिटांनी मोजलं' एवढे दोन रकाने आखा, त्याला खर्च नाही.

काळी_माती
पाण्याचं जाऊ द्या. मातीची पत्रिका कुणी वाचून दाखवंल का? कार्डावर माझा गट नंबर, माझं नाव, 'स्फुरद भरपूर'. म्हणून सोयाबीनला खत कमी टाकलं. रोपं बोटभर राहिली. शेजाऱ्याची कमरेला. आन् मातीचा नमुना घ्यायला माझ्या रानात कुणी पाय टाकला नव्हता, शपथ! आमच्यावर परीक्षा, कागदावर पास.

तर्कट
बघा! मी म्हणतोच, सगळं बसल्याजागी. जनतेच्या पैशाचा चुराडा.

ओढ्याकाठचा
तर्कट, प्रत्येक धाग्यावर हेच वाक्य? भाऊ, तुमच्या रानात कुणी आलं नसेल, तरी ती फसवणूकच असेल असं नाही. २०१५ ला कार्डांची योजना सुरू झाली तेव्हाच जाळं ठरलं होतं. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे पंचवीस एकरांतल्या दहा-बारा शेतकऱ्यांना एकाच मातीचा निकाल. तालुक्याचं चित्र काढायला ते चालतं. तुमच्या दोन एकरांना किती पोतं टाकायचं हे त्यावरून ठरवणं म्हणजे शेजाऱ्याचं रक्त तपासून तुम्हाला गोळी देणं.

काळी_माती
मग हे कार्डावर मोठ्या अक्षरात का छापत न्हाईत? माझं नाव छापायला जागा होती. आन् तुम्ही नंतर शहाणपण सांगताय. सोयाबीनचे पैसे कोण भरून देणार?

घटक_चाचणी
भाऊंचा राग रास्त आहे. 'नमुना कुठला' हे लपवलं की आकडा खोटं बोलतो. आमच्या चाचणीतही तेच झालं, तिथे 'नमुना केव्हाचा' होतं.

ओढ्याकाठचा
बाई, नकळत तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात.

काळी माती, पैसे मी देऊ शकत नाही, पुढच्या वेळची रीत सांगतो. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या. खड्ड्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा सोडून द्या. उकिरड्याखालचा एक खड्डा मिसळला तरी स्फुरद उगाच फुगतं. आणि जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको. माती त्यातून झिंक उचलते आणि कागदावर झिंकही 'भरपूर' येतं.

काळी_माती
घमेलं! मागच्या साली मी स्वतः नमुना नेला होता, घमेल्यातच. झिंक जादा आलं होतं. मी खुशीत होतो.

तर्कट
मूळ प्रश्नाकडे या. बीओडी काढा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजा, ओढा घाण की तळं ते एका फटक्यात कळेल. २७ अंशाला तीन दिवस ठेवायचं, संपलं.

ओढ्याकाठचा
या वेळी अर्धं बरोबर. ओढ्याच्या पाण्याला चालेल. घाटाच्या हिरव्या पाण्यात शेवाळ अंधाऱ्या बाटलीत तीन दिवस ऑक्सिजन खात बसेल, आणि तो आकडा मैल्याचा की शेवाळाचा हे तुम्हाला सांगता येणार नाही. गाळून काढायचं की तसंच, यावर आमच्यातच वाद असायचे.

पालक_नववी_ब
फेरतपासणीला हा धागा दाखवला नाही, नुसतं विचारलं, 'पहाटे मोजलं असतं तर?' बाई थोडा वेळ गप्प होत्या. एक गुण वाढला. सरांच्या हिशेबानं अजून एक बाकी आहे, पण मी आता भांडणार नाही. 'व्याख्याच विचारा' हे मी रागात लिहिलं होतं. मागे घेते असं मात्र नाही. उत्तरसूची अशीच येणार असेल तर व्याख्याच बऱ्या.

घटक_चाचणी
सूची मी बनवत नाही हो ताई. आणि सर, परवा मी तुकडी घेऊन तळ्यावर जातेय, साडेसहाला. रसायन माझ्या हातात, पोरांच्या हातात फक्त घड्याळ. पालकांची परवानगी चाळीसपैकी अकरांनी दिलीय.