वार पडण्यासाठी चीक थांबवू नका
"आमच्या मुरबाडकडे वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत, ते बरोबर आहे का?"

अजिबात नाही. वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात. तोवर चिकातली प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषायची आतड्याची ताकद बरीच ओसरते, 24 तासांनी जवळजवळ संपतेच. 25 किलोच्या कालवडीला पहिल्या दोन तासांत दीड लिटर आणि बारा तासांच्या आत आणखी तेवढाच चीक मिळाला पाहिजे. शिवाय वासरू आचळ चोखू लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं, वार सुटायला मदतच होते. चीक कमी पडलेली कालवड हगवणीत, न्यूमोनियात अडकते. दूध तोडेपर्यंत वाढ मागे पडली की माजावर उशिरा येते आणि पहिल्या वेताचं दूधही बहुधा कमीच भरतं. नंतरच्या खुराकाने ही तूट पूर्ण भरत नाही.