अनुभव धागा: मिरवणुकीच्या वाटेवर घर असलं की गाडी कुठं लावता?

बोळातली ताई (धागा काढणारी)

आमचं घर बेळगावात टिळक चौकाजवळच्या एका बोळात. शिवजयंतीचे चित्ररथ आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक दोन्ही आमच्या बोळाच्या तोंडावरून कपिलेश्वरकडे जातात. हौस आहेच, तक्रार नाही. पण एका वर्षी विसर्जन नेमकं शनिवारी आलं आणि बाबांचं डायलिसिसही शनिवारी दुपारी. जायला अडचण नव्हती. परत येताना मात्र सगळीकडे बॅरिकेड.

मी चार दिवस आधी डॉक्टरांचं पत्र लावून गाडीच्या पाससाठी अर्ज केला होता आणि कागद हातात मिळालाही होता. संध्याकाळी साडेसहाला बॅरिकेडवरच्या पोलिसदादांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘ताई, यावर गाडी इथपर्यंतच. पुढं चालत.’ बाबा चालणार कसे? शेवटी एका मंडळाच्या पोरांनी दोरी धरली, व्हीलचेअर मध्ये घेतली आणि बोळाच्या तोंडापर्यंत आणून सोडली. ढोलवाले तेवढा वेळ गप्प उभे होते.

तुम्ही काय करता? मांडवाची परवानगी, रस्ता बंद, पार्किंग, जे अनुभवलंय ते लिहा.

जुना सेक्रेटरी

ताई, मी आमच्या गल्लीच्या मंडळाचे कागद बरीच वर्षं केलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी मांडव. रस्त्यावर मांडव घालायचा म्हणजे जागा कॉर्पोरेशनची, रहदारी आणि बंदोबस्त पोलिसांचा, वीज हेस्कॉमची आणि आगीचं बघणं अग्निशमनवाल्यांचं. पूर्वी चार ठिकाणी चपला झिजायच्या. आता गणपतीच्या आधी एक खिडकी लावतात, सगळे खाते एका जागी बसतात. फॉर्म कन्नडात असतो, गल्लीतला कुणीतरी कॉलेजचा पोरगा भरून देतो. त्यात मांडवाची लांबी-रुंदी, मूर्तीची उंची, विजेचा भार, विसर्जनाचा दिवस आणि मार्ग लिहायचा. जबाबदार माणसं म्हणून नावं द्यावी लागतात, तिथं गल्लीचे पंच एकमेकांकडे बघत बसतात.

खरी कसोटी जागेवर. आमचा रस्ता मोजून वीस फूट. पोरांनी चौदा फुटांचा मांडव मागितला, म्हणजे राहिले सहा. अॅम्ब्युलन्सचा नुसता सांगाडाच सहा-साडेसहा फूट असतो, आरसे वेगळे. अग्निशमनचा बंब आठ फुटांच्या आसपास. बघायला आलेल्या साहेबांनी टेप आमच्याच हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच सांगा गाडी कुठून जाणार. मांडव दहा फुटांवर आला. वर कमानही उंच करावी लागली, कारण बंबाची उंची कुणी धरलीच नव्हती. तेव्हापासून आम्ही खांब खड्ड्यात न रोवता वाळू भरलेल्या पिंपात उभे करतो. डांबर फुटत नाही आणि गरज पडली तर एक बाजू चार पोरं सरकवतात.

आता रस्ता बंदचं. लोक विचारतात, आधी का सांगत नाहीत? मोटार वाहन कायद्यात असं आहे की बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरे. म्हणून पेपरात एक-दोन दिवस आधी येतं आणि आपल्याला उशिरा कळल्यासारखं वाटतं. त्या बातमीतला मार्ग पूर्ण वाचायचा. नुसता ‘हुतात्मा चौक ते कपिलेश्वर’ एवढाच लक्षात ठेवू नका. रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, यंदे खूट, कॉलेज रोड, संभाजी चौक, रामलिंग खिंड गल्ली सगळं त्यात येतं. आणि त्या रस्त्याला मिळणारे बोळही आपोआप कोंडतात, ते कुठं छापलेलं नसतं.

दादा मी सांगतो

परवानगी फक्त पोलिसांची लागते हो. कॉर्पोरेशनचा काय संबंध? आमच्या गल्लीत आजोबांच्या काळापासून तीच जागा आहे, जुन्या मंडळाला कोण विचारतंय.

जुना सेक्रेटरी

मिरवणूक आणि स्पीकरचं म्हणाल तर बरोबर, ते पोलिसांकडेच. पण मांडव रस्त्याच्या जागेवर उभा राहतो, तेव्हा जुनं मंडळ असलं तरी दर वर्षी नवा अर्ज. जुनेपणामुळे जागेवर सहसा वाद होत नाही, एवढाच फायदा. स्पीकरचंही, एरवी रात्री दहानंतर बंद. सरकार वर्षात पंधराच दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि गणपतीचे किती दिवस त्यात धरायचे ते सरकार ठरवतं.

खानापूरचा मामा

आमच्या दारासमोर शेजारी रोज कार लावतो, मला गेटच उघडता येत नाही. त्याला काय करायचं?

बोळातली ताई

मामा, ते वेगळं. पण वाहतूक पोलिसांना फोन करून बघा, गेट अडवणं कुठल्याच दिवशी चालत नाही.

शहापूरचा रिक्षावाला

ताई, विसर्जनादिवशी शहापूर-खासबागचा माणूस सिव्हिलला न्यायचा तर कपिलेश्वर पुलाचा नाद सोडायचा. मी तिसऱ्या रेल्वे गेटच्या उड्डाणपुलावरून काँग्रेस रोडला लागतो. लांब पडतं, भाडं वाढतं, पण पोचतो. पुलाखाली अडकलो होतो एकदा, बाळंतीण मागं बसलेली. तेव्हापासून दुपारी दोनच्या आत पेट्रोल भरून बाहेरच्या बाजूला थांबतो. गाडी बंद रस्त्यांच्या आत ठेवून झोपलो की दुसऱ्या दिवसाचा धंदाही गेला, कारण शेवटचा गणपती दुसऱ्या दिवशीच जातो.

निपाणीची सून

आमच्याकडे गल्लीतल्या मांडवापेक्षा मोठ्या रस्त्यावरची स्वागत कमान त्रास देते. ती नगरसभेने पास केली म्हणून चालत नाही, रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर त्यांचंही पत्र लागतं. एका वर्षी पोरांनी ते आणलंच नाही. आदल्या रात्री कमान उतरवायला लावली आणि उतरवताना वाकलेला बांबू आमच्या पोर्चवर आला. कौलं आम्हीच घातली.

कॉलेज रोडची आज्जी

मी आदल्या दिवशीच स्कूटर सरदार मैदानाच्या बाजूला नातवाकडून लावून घेते. एका वर्षी विसरले. सकाळी बघते तर स्कूटर मांडवाच्या पडद्यामागं, पुढं स्टेज आणि चाकाला बांबू टेकलेला. पोरं म्हणाली, ‘आज्जी, आता पाच दिवसांनी.’ गणपती हसत होता, मी नाही.

दादा मी सांगतो

तर मग रहिवासी पास मिळतो ना? मिळाला की घरी गाडी नेता येते.

बोळातली ताई

तेच तर माझं झालं. पास असला तरी मिरवणूक पोचेपर्यंतच, आणि तोही अधिकाऱ्याच्या मर्जीवर. सगळीकडे देतातच असंही नाही. माझं आता असं ठरलंय: गाडी आदल्या दिवशीच टिळकवाडीत बहिणीकडे, व्हीलचेअर बाहेर काढून तयार, मंडळाच्या पोरांचे दोन नंबर फोनमध्ये. तब्येत बिघडली तर 108, आणि रस्ता कुठं अडलाय ते 112 वर सांगायचं.

जुना सेक्रेटरी

आणि डायलिसिस सेंटरला आधीच विचारा, विसर्जनाच्या दिवशीची पाळी सकाळची करून देतात का. आमच्या गल्लीत एकाला दिली होती.

बोळातली ताई

हे मला सुचलंच नव्हतं. खड्ड्यांचं मात्र कुणी बोललं नाही. पिंपवाले सोडले तर बाकीच्यांनी खणलेले खड्डे भरायचे कुणी, मंडळानं की कॉर्पोरेशननं? आमच्या बोळासमोरचा अजून तसाच आहे, पावसाचं पाणी साचलंय त्यात.