मदत हवी आहे: आईला जुलाब-उलट्या, पल्स ११२, दवाखान्यात न्यावं का?

सेलूकर: रात्रीपासून आईला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब होताहेत. वय ५८. बीपीच्या मशिनवर झोपून १०४/६८, पल्स ११२. एरवी १३०/८० आणि ७५-७६ असते. ताप नाही. ओआरएस पाजतोय, पण घटाघट प्यायली की उलटून पडतं. गाव परभणीपासून लांब आहे. घरी थांबून चालेल का?

गोदाकाठ: घाबरू नका, माणूस घाबरला की पल्स वाढतेच. ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, तरतरी येईल.

सिस्टर_लातूर: दादा, घाबरून वाढलेली पल्स शांत पडल्यावर उतरते, ही तशी वाटत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की हृदय ठोके वाढवून बीपी सांभाळतं, आणि इथे बीपीही एरवीपेक्षा उतरलेलं आहे. जुलाबात पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियम जातं, नुसत्या ग्लुकोजने ते भरून निघत नाही. फार गोड पाण्याने जुलाब वाढूही शकतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, अर्ध्यात नाही. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दर मिनिटाला एक चमचा.

सेलूकर, आईला बसवून बघा. गरगरलं नाही तरच दोघांनी धरून उभं करा, आणि एका मिनिटाने पल्स घ्या. ३० किंवा जास्त वाढली, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी थांबायचं नाही. वाढली नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. शेवटची लघवी कधी झाली? बीपीची गोळी कोणती?

बीडची_मनीषा: माझ्या सासऱ्यांची पल्स ७८ होती म्हणून आम्ही निवांत बसलो, अन् संडासाच्या दारातच कोसळले. त्यांना मेटोप्रोलॉल चालू होतं.

सिस्टर_लातूर: हो ताई, ती गोळी ठोके वाढूच देत नाही. अशा माणसाची पल्स बघून काही ठरवू नये. लघवी, शुद्ध आणि बीपी बघायचं.

सेलूकर: धरून उभं केलं, पल्स १४६, लगेच गरगरलं म्हणून निजवलं. लघवी काल संध्याकाळनंतर नाही. गोळी टेल्मिसार्टनची, त्यात लघवीचं औषधही आहे. सकाळची अजून दिली नाही. पिंडऱ्यांत गोळे येताहेत म्हणते.

सिस्टर_लातूर: आता १०८ ला फोन करा. आजची गोळी देऊ नका, या अवस्थेत ती मूत्रपिंडाला जड जाते. पाकीट सोबत न्या. वाटेत आडवंच ठेवा, ओआरएसचे घोट चालू ठेवा. गेल्यावर सलाईनबरोबर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगा.

सेलूकर: गाडी निघाली. गोळी परत कधी सुरू करायची?

गोदाकाठ: जुलाब थांबले की लगेच.

सिस्टर_लातूर: नाही दादा. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच.