८ वर्षं गाडीवर, तरी पुतळ्यापुढे नापास. दर २ वर्षांनी प्रात्यक्षिक हवंच का?

सिन्नरफाटा:
खासगी कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर ८ वर्षं ईएमटी आहे, जास्त करून नाशिक-मुंबई शिफ्टिंग. हृदय बंद पडलेल्याला वाचवायच्या बीएलएस कोर्सच्या कार्डाची २ वर्षं संपली म्हणून नूतनीकरणाला गेलो. लेखीत २५ पैकी २३, आणि पुतळ्याची छाती दाबून दाखवण्यात नापास! बाजूचा सहा महिन्यांपूर्वी शिकलेला पोरगा पास. माझं म्हणणं सरळ आहे: रोज गाडीवर असणाऱ्याची पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षा घेऊ नये, मालकाचं अनुभवपत्र पुरे. पटतं का?

कसाराघाट_रात्रपाळी:
शंभर टक्के पटतं भाऊ. एसी हॉलमध्ये सतरंजीवर पुतळा ठेवून काय कळणार? घाटात गाडी वळणावर, एक हात वरच्या दांडीला, एका हातानं पेशंट सांभाळायचा. ती परीक्षा घ्या म्हणावं. आणि पुतळ्याची छाती स्प्रिंगची. खऱ्या म्हाताऱ्या माणसाची बरगडी कटकन वाजते तेव्हा हात आपोआप हलका पडतो, हे त्या मशीनला कुठं ठाऊक?

शिकवणारी_बाई:
मी हे प्रात्यक्षिक घेते, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. पण आधी सिन्नरफाटा दादांना विचारते, स्क्रीनवर आकडे काय आले होते? "नापास" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

सिन्नरफाटा:
फोटो काढून ठेवलाय मॅडम. वेग १२८. खोली सुरुवातीला साडेपाच सेंटिमीटर, शेवटच्या अर्ध्या मिनिटात ४. पूर्ण वेळातला दाबण्याचा वाटा ५० टक्के. वेग जास्त आहे म्हणजे चांगलंच ना? दर ३० दाबांनंतरच्या दोन श्वासांसाठी मात्र दरवेळी १४ सेकंद थांबलो असं ते म्हणाले. मी एकटाच होतो, हातानं दाबून हवा द्यायची अंबू बॅग घेऊन.

शिकवणारी_बाई:
वेग जास्त म्हणजे चांगलं नाही. मिनिटाला १०० ते १२० सांगतात, कारण दोन दाबांच्या मधे छाती पूर्ण वर येऊन हृदयात रक्त भरायला हवं. १२८ ला तेवढी उसंत मिळत नाही आणि माणूसही लवकर दमतो. तुमची खोली ५ च्या खाली गेली ती त्यामुळेच. म्हणून २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा असतो.

पण तुम्हाला नापास केलं ते त्या १४ सेकंदांनी. हिशोब बघा. १२८ च्या वेगानं ३० दाब १४ सेकंदांत होतात. मग श्वासांसाठी १४ सेकंद थांबलात. म्हणजे निम्मा वेळ मेंदूला रक्तच नाही. कमीत कमी ६० टक्के वेळ दाबण्यात जायला हवा. वेग ११० ठेवा, ३० दाबांना साधारण १६ सेकंद लागतील. श्वास ७ सेकंदांत उरका, वाटा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. ताकद तेवढीच.

आता १४ सेकंद लागले कशाला? माझा अंदाज असा की गाडीत तुम्ही डोक्याकडे बसता, बॅग हातातच असते. हॉलमध्ये छातीच्या बाजूला गुडघ्यावर होतात. दर वेळी उठून डोक्याकडे गेलात, एका हातानं मास्क दाबून धरलात, हवा बाजूनं निसटली, परत लावलात. एकटा माणूस असेल तर अंबू बॅगचा हट्ट धरायचा नाही, तोंडानं फुंकायचा पॉकेट मास्क घ्यायचा. तो बाजूला बसूनच दोन्ही हातांनी घट्ट धरता येतो, गुडघा हलवावा लागत नाही. बॅग दुसरं माणूस आल्यावर.

सिन्नरफाटा:
हो, उठून डोक्याकडेच गेलो होतो. पॉकेट मास्क पेटीत होता, पण कोर्सनंतर कधी हातच लावला नाही.

शिकवणारी_बाई:
एक विचारू? ८ वर्षांत प्रत्यक्ष छाती दाबायची वेळ किती वेळा आली?

सिन्नरफाटा:
पाच... फार तर सहा.

शिकवणारी_बाई:
माझं म्हणणं तेवढंच आहे. शिफ्टिंगच्या शेकडो फेऱ्यांचा अनुभव ऑक्सिजन, इन्फ्युजन पंप, स्ट्रेचर, नातेवाईक सांभाळण्याचा. तो मोठाच आहे. पण छाती दाबण्याचा अनुभव सहा वेळांचा, आणि त्या सहाही वेळी कुणी मोजलं नाही. मालकानं अनुभवपत्रात लिहायचं काय?

इंदिरानगर_४२२००९:
मी या क्षेत्रातली नाही. वडील घरात कोसळले तेव्हा बोलावलेल्या गाडीतला माणूस दर थोड्या वेळानं थांबून मानेवर बोटं ठेवून नाडी शोधत बसायचा. मला वाटलं काळजीनं बघतोय. वडील गेले. हे वाचून आता पोटात गोळा आला. ते थांबणं चुकीचं होतं का?

शिकवणारी_बाई:
ताई, वडिलांचं काय झालं असतं हे इथे बसून कुणीच सांगू शकत नाही, आणि थांबला म्हणूनच गेले असंही नाही. नियम असा की नाडी बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, नक्की लागली नाही तर दाबायला लागायचं. दोन तपासण्यांच्या मधे २ मिनिटं सलग काम. भीतीपोटी परत परत बघणं ही प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. जुन्या लोकांतही दिसते.

एमएच१५_भावी:
पॅरामेडिकला बारावी सायन्सच लागतं का? माझं कॉमर्स आहे, फी किती?

कसाराघाट_रात्रपाळी:
अरे बाळा, इथे काय चाललंय, तू काय विचारतोस! वेगळं विचार, सांगतो.
मॅडम, १४ सेकंदांचं मान्य. पण माझ्या घाटाचं काय? आणि १०८ वर डॉक्टर असतो, मग ईएमटीला एवढं घासायचं कशाला?

शिकवणारी_बाई:
आपल्याकडे १०८ वर डॉक्टर असतात हे खरं, पण तुमच्या खासगी गाडीत मागे तुम्ही एकटेच ना? डॉक्टरचे हातही सरावाशिवाय सुटतातच.

घाटाबद्दल तुमचं बरोबर आहे. चालत्या गाडीत हातानं दाबण्याचा दर्जा घसरतो, दाबणारा बेल्टशिवाय उभा असतो तो धोका वेगळाच. आमच्या प्रात्यक्षिकात ते येत नाही, ही उणीव आहे. पण म्हणून जमिनीवरचं सोडून द्यायचं? सतरंजीवर जो १४ सेकंद थांबतो, तो वळणावर कमी थांबेल का?

गॅरेज_द्वारका:
मालक म्हणून बोलतो. माझ्या चार गाड्या. पोरगं एक दिवस हॉलमध्ये बसलं की गाडी उभी. फी मी भरायची आणि कार्ड हातात आलं की तो जास्त पगारावर मुंबईला. सिंहस्थाला गाड्या लागतील तेव्हा माणसं आणू कुठून? २ वर्षांचं ५ करा.

शिकवणारी_बाई:
उलट, माझ्या मते २ वर्षंच फार झाली. हाताचं कौशल्य ३ ते ६ महिन्यांतच उतरायला लागतं. त्या सहा महिन्यांपूर्वीच्या पोराचं अजून पुरतं उतरलं नव्हतं, म्हणून तो पास झाला. चार गाड्यांना मिळून आकडे दाखवणारा एक पुतळा गॅरेजात ठेवा, दर तीन महिन्यांनी प्रत्येकानं १० मिनिटं. गाडी उभी राहत नाही.

गॅरेज_द्वारका:
पुतळ्याची किंमत कुणी भरायची, ते नाही सांगितलंत.

कसाराघाट_रात्रपाळी:
अमेरिकेत तर म्हणे ईएमटीला परीक्षा न देता तासांवर चालतं.

शिकवणारी_बाई:
अर्धं ऐकलंत. तिथल्या नॅशनल रजिस्ट्रीत २ वर्षांत ४० तासांचं शिक्षण पूर्ण केलं की परीक्षा टळते. ४० तास! शेठना विचारा, देतील का.

सिन्नरफाटा:
शनिवारी परत जातोय. रात्री घरी उशीवर मोबाईलचं घड्याळ लावून बघितलं, पॉकेट मास्क घेऊन श्वास ८ सेकंदांत बसले. उशीवर छाती वर येते का ते दिसत नाही, त्यामुळे हवा गेली की नाही देव जाणे. अनुभवपत्राचं मागे घेतो. पण शनिवारचा रोज कापला जाणार, आणि तो का कापावा हे शेठ, तुम्ही सांगा.