कोकणकिनाऱ्यावरच्या वेळासला कासवांची पिल्ले पाहण्यासाठी तारीख कशी ठरवावी?

ठाण्याची वाचक : मार्चमध्ये मुलांना घेऊन वेळासला जायचे आहे. पिल्ले नक्की दिसतील अशी तारीख कोणती? दिसणार नसतील, तर एवढा प्रवास करण्यात अर्थ आहे का?

मंडणगडचा रहिवासी : नक्की अशी तारीख नसते. ऑलिव्ह रिडले मादीने घातलेली अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात हलवून पुरतात आणि प्रत्येक घरट्याची तारीख नोंदवतात, त्यामुळे अंदाज बांधता येतो. १२ जानेवारीचे घरटे धरा. पिल्ले पन्नास दिवसांनी बाहेर येतील असे धरले, तर ३ मार्च येतो, पण रात्री गार राहिल्या तर वाळू थंड राहते आणि हाच दिवस ८ मार्चपर्यंत सरकू शकतो. म्हणून एका घरट्यावर विसंबू नका. ज्या आठवड्यात तीन-चार घरटी पिकण्याच्या बेतात आहेत तो आठवडा गावात फोन करून विचारा आणि दोन रात्री मुक्काम ठेवा. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवारची सकाळ, अशा चार संधी मिळतात.

नाशिकचा वाचक : एवढा खटाटोप कशाला? पंचेचाळीस दिवस मोजायचे आणि निघायचे. आम्हाला तसेच दिसले होते.

मंडणगडचा रहिवासी : पंचेचाळीस हा साधारण सर्वांत लवकरचा दिवस आहे, साठापर्यंतही वाट पाहावी लागते. शिवाय एका घरट्यातली सगळी पिल्ले एकाच दिवशी वर येतीलच असे नाही.

पुण्याची वाचक : मला तारखेपेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. पिल्ले निसर्गतः बहुधा रात्री, वाळू गार झाल्यावर बाहेर येतात आणि अंगातल्या पहिल्या जोरावर समुद्राकडे धावतात. मध्यरात्री आलेले पिल्लू पर्यटकांसाठी सकाळी सातपर्यंत घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली थांबले, तर त्याचा तो जोर तिथेच खर्च होतो. दर्शनाची वेळ आपल्या सोयीने ठरवणे मला मान्य नाही.

मंडणगडचा रहिवासी : आक्षेप योग्य आहे आणि रात्री टोपल्या अधिक वेळा पाहाव्यात, असे मलाही वाटते. मात्र हे संरक्षण २००२ मध्ये सुरू होण्यापूर्वी इथली अंडी काढून नेली जात होती, आणि उरलेल्यांवर कुत्री-कोल्हे टपलेले असत. पाहुण्यांच्या मुक्कामातून घरोघरी पैसा येतो, म्हणून गाव राखण करते. तुम्ही दोरीच्या आत पाऊल टाकू नका, कारण पायाच्या खळग्यात पिल्लू अडकते. मोबाईलचा दिवाही लावू नका, कारण ते उजेडाच्या दिशेने वळते.

अकोल्याची वाचक : आम्ही जूनमध्ये काजवे पाहायला पुरुषवाडीला गेलो, तेव्हा जोराचा पाऊस झाला आणि काहीच दिसले नाही. वेळासलाही पावसाचा धोका असतो का?

मंडणगडचा रहिवासी : मार्चमध्ये सहसा नाही. काजव्यांचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो, कासवांचा उन्हाळ्याच्या तोंडावर.

पुण्याची वाचक : पाहुण्यांच्या पैशाचे महत्त्व मी नाकारत नाही. पण पहाटे तीन वाजता पिल्ले वर आली आणि त्याच वेळी सोडून दिली, तर सातला जमलेल्या लोकांना रिकामी टोपली दाखवायची गावाची तयारी आहे का?